सासरी लपवलेला टीबी आणि मुलाखती: सही नको म्हणणाऱ्या बायकांची संमती कशी घ्यायची?

वृषाली_गोरेगाव
नमस्कार मंडळी. मी मुंबईत समाजकार्यात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. प्रबंधासाठी अशा बायकांच्या मुलाखती घ्यायच्यात ज्यांना टीबी होऊन गेला पण सासरी ते सांगितलेलं नाही. कुणाचे उपचार लग्नाआधी झाले आणि स्थळ बघताना घरच्यांनी गप्प बसायला सांगितलं, कुणाला लग्नानंतर झाला आणि बाळंतपणाचं निमित्त करून माहेरी राहून गोळ्या पूर्ण केल्या. उपचार संपून वर्ष उलटलंय अशाच बायका घेतेय. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळालीये पण फॉर्मवर अडलंय. फॉर्म दोन पानी आहे, वर ठळक अक्षरात 'क्षयरोग आणि कलंक', खाली नाव, सही, तारीख, आणि एक प्रत त्या बाईकडे ठेवायची. बायका बोलायला तयार आहेत, सही करायला नाहीत. एक ताई म्हणाल्या, तू विचार, मी सगळं सांगते, पण हा कागद माझ्या घरात येता कामा नये. गाइड म्हणतात सहीशिवाय मुलाखत धरता येणार नाही.

दुसरं म्हणजे नाव बदलणं पुरेसं आहे का? मला नाही वाटत, पण मग काय काय बदलायचं आणि बदलता बदलता अभ्यासच खोटा होतो की काय हे कळत नाहीये. आणि तिसरं, एक ताई हट्टाने म्हणतायत की माझं खरं नाव छाप, मी काही चोरी केलेली नाही. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

अ‍ॅड_विक्रोळी
सही हवीच. तोंडी संमतीला कायद्यात काही अर्थ नाही, उद्या ती बाई म्हणाली की मी परवानगी दिलीच नव्हती तर तुम्ही काय दाखवणार? शिवाय आता 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय, आरोग्याची माहिती विनासंमती साठवली तर मोठा दंड आहे. नावाचं म्हणाल तर नाव आणि पत्ता काढला की माहिती निनावी झाली, विषय संपला. फार विचार करू नका.

मुलुंडचे_काका
माझं मत वेगळं आहे. नवऱ्याला अंधारात ठेवून संसार करणं चूक आणि तुम्ही त्याला मदत करताय. टीबी हवेतून पसरतो, घरात लहान मुलं असतात. तुम्ही शिकलेल्या मुली, त्या बाईला समजावून घरी सांगायला लावलं पाहिजे, आणि ऐकत नसेल तर महापालिकेला कळवलं पाहिजे. टीबी कळवणं सक्तीचं आहे असं मी पेपरात वाचलंय.

शैला_परळ
वृषाली, मी आरोग्याच्या विषयांवर बरीच वर्षं फील्डवर मुलाखती घेतल्यात आणि सध्या एका एथिक्स कमिटीवर सामान्य नागरिक सदस्य म्हणून बसते, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. लांब लिहिणार आहे.

आधी काकांचं. काका, वृषालीने वर लिहिलंय की उपचार पूर्ण होऊन वर्ष झालंय अशाच बायका ती घेतेय. पूर्ण बरी झालेली बाई कुणाला लागण देत नाही, त्यामुळे घरच्यांच्या धोक्याचा प्रश्न इथे नाही. टीबी 2012 पासून कळवण्याचा आजार आहे हे तुमचं बरोबर, पण ते बंधन डॉक्टर, लॅब, दवाखाने आणि औषधाच्या दुकानांवर आहे. मुलाखत घेणाऱ्या विद्यार्थिनीवर नाही. आणि या बायकांचे उपचार झालेत म्हणजे कळवण्याचं काम तेव्हाच त्यांच्या डॉक्टर-दवाखान्याचं होतं.

आता सही. वकीलसाहेब, लिखित संमती हा नेहमीचा नियम आहे, तिथवर तुमचं बरोबर. पण आयसीएमआरची 2017 ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात काही परिस्थितीत कमिटीच्या मंजुरीने तोंडी संमती घेता येते. बाई अशिक्षित आहे म्हणून अंगठा घ्या हा एक प्रकार झाला, तिथे तटस्थ साक्षीदार लागतो. इथला मुद्दा निराळा आहे. वृषालीच्या अभ्यासात दुसरीकडे कुठेच खरं नाव लागत नाही. म्हणजे ती बाई आणि तिचा टीबी यांना जोडणारा एकमेव कागद हा संमतीफॉर्मच असणार आहे. जो कागद तिच्या संरक्षणासाठी काढला तोच तिला पकडून देणारा ठरतो. हे असंच्या असं कमिटीला लिहून द्यायचं आणि दुरुस्ती अर्ज करायचा. तोंडी संमतीचा नोंदकागद जोडायचा, ज्यावर फक्त कोड, तारीख, वेळ, मुलाखतकाराची सही आणि काय काय वाचून दाखवलं त्याची खूण एवढंच असतं. मंजुरी येईपर्यंत एकही मुलाखत घ्यायची नाही. नंतर कळवू असं चालत नाही आणि तसं केलेलं साहित्य वापरताही येत नाही.

आता शीर्षक. 'क्षयरोग आणि कलंक' असा कागद पर्समध्ये, गादीखाली कुठेही सापडला की झालं. माहितीपत्रकाला साधं शीर्षक द्या, 'स्त्रियांचं आरोग्य आणि कुटुंब'. यात फसवणूक नाही, कारण खरा विषय तुम्ही तिला तोंडी पूर्ण सांगणारच आहात. आणि प्रत तिने मागितली तरच द्यायची, पण तक्रार करायची तर नंबर हवा म्हणून कमिटीचा फोन नंबर एका कोऱ्या चिठ्ठीवर द्यायचा.

वृषाली_गोरेगाव
ताई, खूप खूप थँक्यू. दुरुस्ती अर्जाची आयडिया गाइडना दाखवते. पण तोंडी संमतीत नक्की काय बोलायचं? फॉर्मची भाषा 'सदर संशोधनात आपला सहभाग ऐच्छिक असून' अशी आहे, ती वाचली की समोरची बाई नुसती मान हलवते.

शैला_परळ
ती मान म्हणजे संमती नाही. ती भाषा कमिटीसाठी असते. मी बोलते ते साधारण असं:

"ताई, मी कॉलेजात शिकते. मी महापालिकेची नाही, दवाखान्याची नाही, कुठल्या संस्थेची नाही. टीबी झाल्यावर घरात काय काय सोसावं लागतं यावर मी लिहितेय. तुमच्याशी तासभर बोलेन. बोललात म्हणून काही मिळणार नाही, नाही बोललात तर काही बंद होणार नाही. मध्येच नको वाटलं तर उठा, कारण सांगायची गरज नाही. एखाद्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसेल तर पुढे चल म्हणा. रेकॉर्ड करू का? नको असेल तर लिहून घेते. तुमचं खरं नाव मी कुठेच लिहिणार नाही, रेकॉर्डिंगमध्येही घ्यायचं नाही, दुसरं एखादं नाव तुम्हीच सांगा."

मग तिला विचारायचं, आता तुमच्या शब्दांत सांगा बरं, मी याचं काय करणार आहे? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मला मिळालेली उत्तरं ऐका: "तुम्ही आमचे राहिलेले पैसे मिळवून देणार." म्हणजे टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषणचे पैसे, 2018 पासून महिन्याला 500 आणि नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले ते, काहींचे हप्ते अडकलेले असतात. किंवा "डॉक्टरीण बाई तपासायला आल्यात." किंवा "तुम्ही टीव्हीवर दाखवणार ना?" असं उत्तर आलं म्हणजे संमती अजून झालेली नाही. पुन्हा सांगायचं, पुन्हा विचारायचं. तरीही ती पैशावरच अडकली असेल तर चहा पिऊन नमस्कार करून यायचं, मुलाखत घ्यायची नाही. ती आशेपोटी हो म्हणतेय, समजून नाही.

आणि एक गोष्ट फॉर्ममध्ये कुणी लिहीत नाही पण बोलायलाच हवी. "सगळं गुप्त राहील" असं सरसकट वचन द्यायचं नाही. आपल्याकडे संशोधकाला वकिलासारखं कायद्याचं संरक्षण नाही, कोर्टाने मागितलं तर वह्या, रेकॉर्डिंग द्यावं लागू शकतं. आणि बोलण्यात अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं निघालं तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे कुणीही असो, कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. हे मुलाखतीच्या आधी सांगायचं, ते निघाल्यावर नाही. म्हणजे किती आणि काय बोलायचं हे तिच्या हातात राहतं.

पावसाळी
मी इथे सहसा वाचनमात्र असते पण आज लिहितेय. माझा टीबीचा विषय नाही, माझा मूल गेल्याचा आहे, सातव्या महिन्यात. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी एका मुलीने माझी मुलाखत घेतली, खूप चांगलं बोलली, रडले तर थांबली, नाव बदलते म्हणाली आणि बदललं पण. पण लेखात होतं की डोंबिवलीत राहणारी, शाळेत चित्रकला शिकवणारी, नवरा मर्चंट नेव्हीत. आता डोंबिवलीत अशा किती जणी असतील? बाहेरच्या कुणाला कळलं नसेल पण माझ्या नणंदेने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की आपल्या घरातल्या गोष्टी पेपरात. लेखात मी सासूबाईंबद्दल एक वाक्य बोलले होते, खरं होतं, पण त्या मुलीला बोलले होते, सासूबाईंना ऐकवायला नाही. त्यानंतर घरात जे झालं ते लिहीत नाही. मला एवढंच सांगायचंय की लाखो वाचक धोक्याचे नसतात, पाच-सहाच असतात, आणि ते सगळे घरचे असतात. मला कुणी आधी विचारलं असतं की हे वाक्य छापलं आणि सासूबाईंनी वाचलं तर काय होईल, तर मी ते काढायला सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही.

वृषाली_गोरेगाव
पावसाळी, हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. शेवटचा प्रश्न मी माझ्या वहीत जसाच्या तसा लिहून ठेवलाय.

अ‍ॅड_विक्रोळी
पावसाळी यांचा अनुभव वाईट आहे, पण तो पत्रकारितेचा झाला. प्रबंध कोण वाचतं? कॉलेजच्या लायब्ररीत धूळ खात पडतो.

शैला_परळ
वकीलसाहेब, पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर टाकले जातात, जगात कुठूनही उघडतात. एम.ए.चा लायब्ररीत राहतो हे खरं, पण त्या लायब्ररीत कोण जातं? त्याच शहरातली, त्याच वस्त्यांत फील्डवर्क करणारी पुढची बॅच. त्यातली एखादी त्या गल्लीतलीच असते. आणि वृषाली उद्या यावर लेख लिहील, परिषदेत बोलेल.

डेटा कायद्याचंही तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्यात संशोधनासाठी सूट आहे, त्या माहितीवरून त्या व्यक्तीबाबत काही निर्णय घेतला जात नसेल आणि ठरवलेले निकष पाळले असतील तर. पण कायद्याची सूट मिळाली म्हणून पावसाळीच्या नणंदेपासून कुणी वाचत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ओळख लपवण्याचं. एक केस घेऊन सांगते. केस पूर्ण बनवलेली आहे, कुणाचीही नाही, पण घाट नेहमी दिसणारा आहे.

समजा मुलाखत 7. वय 29, भांडुपच्या चाळीत राहते, सासर मूळचं चिपळूणकडचं. नवरा बेस्टमध्ये कंडक्टर. मोठी जाऊ त्याच वस्तीत आशाताई. लग्नाला सहा वर्षं, एक मुलगी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी औषधांना दाद न देणारा टीबी निघाला, माहेरी कळव्याला राहून उपचार केले. क्लोफाझिमिन नावाच्या गोळीने कातडीचा रंग काळपट झाला, सासरी सांगितलं की उन्हाची अ‍ॅलर्जी आहे. जावेला संशय आला होता पण ती गप्प राहिली. मुलाखतीत ती म्हणते, "जाऊबाईंनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना कळलं, पण त्यांनी मला वाचवलं."

नाव बदलून 'सुनंदा' केलं आणि बाकी सगळं ठेवलं तर काय होईल? मुंबईत भांडुपच्या हजारो बायका आहेत, त्यामुळे तुम्हाला वाटेल की कळणार नाही. पण वाचणारी जाऊ असेल तर? किंवा जावेची दुसरी आशा मैत्रीण? वस्तीतल्या बायकांनी तो काळवंडलेला चेहरा बघितलेला आहे, रंग औषध संपल्यावरही बरेच महिने उतरत नाही. ज्यांना उन्हाची अ‍ॅलर्जी सांगितली होती त्यांना हे एक वाक्य वाचून सगळा उलगडा होईल. म्हणजे इथे गावाचं नाव नाही, कातडीचा रंग हीच ओळख आहे. आणि जावेने लपवायला मदत केली हे बाहेर आलं तर जाऊ सुद्धा अडचणीत येईल, तिने तर मुलाखत दिलेलीच नाही. मुलाखतीत जिच्याबद्दल बोललं जातं तिलाही सांभाळावं लागतं.

मी प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारते: हा काढला तर माझा मुद्दा पडतो का? भांडुप काढलं, 'पूर्व उपनगर' केलं, काही पडलं नाही. चिपळूण काढलं. बेस्ट काढलं, 'पक्की नोकरी' ठेवलं, कारण नवऱ्याला पक्की नोकरी असल्यामुळे असं सासर तुटण्याची भीती जास्त होती हा मुद्दा आहे. वय 29 चं 'तिशीच्या आत'. मुलगीचं 'मूल'. आता कातडीचा रंग. तो काढला तर मुद्दा पडतो, कारण औषध शरीरावर दिसतं आणि त्यामुळे लपवणं अवघड होतं हा अभ्यासाचा गाभा आहे. मग तो ठेवायचा, पण सुनंदाच्या गोष्टीत नाही. 'काही स्त्रियांनी सांगितलं की औषधाने रंग बदलला आणि त्याला वेगळं कारण द्यावं लागलं' असं वेगळ्या प्रकरणात, कुणाच्याही नावाशिवाय. आणि जावेचं वाक्य सुंदर आहे, मलाही छापावंसं वाटेल, पण 'जाऊबाई' च्या जागी 'घरातल्या एका बाईने' लिहायचं आणि आशा असल्याचा उल्लेख पूर्ण काढायचा.

शिवाय एकाच बाईचं एकच टोपणनाव अख्ख्या प्रबंधात चालवायचं नाही. दुसऱ्या प्रकरणात सुनंदाचं माहेर, चौथ्यात सुनंदाचा नवरा, पाचव्यात सुनंदाचं औषध, असं विखुरलेलं वाचून कुणीही जोडून पूर्ण बाई उभी करतं.

आणि तपशील बदलायचा तर कुठे थांबायचं? अभ्यासाचा मुद्दा ज्यावर उभा आहे तो बदलायचा नाही. एकत्र कुटुंब असेल तर विभक्त करायचं नाही, कारण लपवणं तिथे पूर्ण वेगळं असतं. आणि सुरुवातीला सांगायचं की ओळख जपण्यासाठी काही तपशील ढोबळ केलेत, काही बदललेत. नेमके कुठले ते सांगायचं नाही.

गिरगावचा_मन्या
शैलाताई, एक शंका. मी डॉक्युमेंटरीसाठी साउंड करतो. मुलाखतींचे रेकॉर्डिंग लोक सरळ फोनवर करतात, तो फोन आपोआप गूगलवर बॅकअप करतो. आणि चेहरा ब्लर केला तरी आवाज ओळखू येतो, आवाज जाड-बारीक केला तर तो सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी परत आणता येतो. माझा अनुभव असा की दुसऱ्या माणसाकडून तेच वाक्य बोलून घेणं जास्त सेफ.

शैला_परळ
मन्या, बरोबर. प्रबंधात आवाज लागतच नाही, म्हणून वृषालीला सोपं आहे. साधा रेकॉर्डर घ्यायचा, ज्याला नेट नाही. घरी येऊन त्याच दिवशी फाइल पासवर्ड लावलेल्या ठिकाणी, फाइलचं नाव कोडने. भांडुप_सुनंदा_जाऊ अशी फाइलची नावं मी बघितलीयत. शब्दांकन स्वतः करायचं, बाहेर टायपिंगला दिलं तर त्या टायपिस्टकडूनही गुप्ततेचं लेखी घ्यायचं, आणि तो त्याच वस्तीतला नको. शब्दांकन आवाजाशी ताडून झालं की आवाज पुसायचा, आणि ही तारीख कमिटीला आधीच लिहून द्यायची.

कांजूर_कविता
मी आरोग्यसेविका म्हणून काम केलंय म्हणून वेगळ्या बाजूने सांगते. वृषाली, बायका तुला कुणी शोधून दिल्या? आमच्याकडे कॉलेजच्या मुली येतात, म्हणतात ताई तुमच्या यादीतल्या चार बायका द्या. आम्ही जाऊन सांगतो की या मॅडमशी बोल. ती बाई आम्हाला नाही म्हणू शकते का? तिच्या गोळ्या, बेडका तपासणी, सगळं आमच्या हातून झालेलं असतं. ती हो म्हणते कारण आम्ही म्हटलं म्हणून. वर संध्याकाळी आमच्यातलीच एखादी सहज विचारते, काय गं, काय काय बोललीस? आणि आमच्या यादीतून नाव बाहेर देणं हेच मुळात चूक आहे.

वृषाली_गोरेगाव
कविताताई, दोन बायका एका सेविकेकडूनच आल्यात. अजून मुलाखती झालेल्या नाहीत, नुसतं एकदा बोलणं झालंय. मग काय करू?

कांजूर_कविता
सेविकेला नावं विचारू नकोस. तिच्याकडे चिठ्ठ्या दे, त्यावर तुझा नंबर आणि 'स्त्रियांचं आरोग्य, कॉलेजचा अभ्यास' एवढंच. ती ज्यांना द्यायच्या त्यांना देईल, ज्यांना वाटेल त्या मिस्ड कॉल देतील. कोण आलं कोण नाही हे सेविकेला कधीच सांगायचं नाही, तिने विचारलं तरी. आधीच्या दोघींना पुन्हा स्वतः भेटून सांग की तुम्ही नाही म्हटलंत तर सेविकेला कळणार नाही. आणि परत फोन करताना आधी विचार की आत्ता बोलू का, फोन कुणाचा आहे. आमच्याकडे निम्म्या बायकांचा फोन नवऱ्याच्या हातात असतो. व्हॉट्सअ‍ॅप नको, मेसेज स्क्रीनवर दिसतो.

मुलुंडचे_काका
माझा गैरसमज झाला होता, उपचार संपलेल्या बायका आहेत हे मी नीट वाचलं नव्हतं. पण माझा प्रश्न अजून उरतोच. समजा मुलाखतीत ती म्हणाली की खोकला परत सुरू झालाय, वजन उतरतंय. तेव्हा तुम्ही वही बंद करून घरी जाणार का?

शैला_परळ
काका, हा प्रश्न अगदी योग्य आहे. टीबी उलटू शकतो. तिथे मी मुलाखत थांबवते आणि सांगते की आता मी अभ्यासाची बाई नाही, हा खोकला तपासायला हवा, जवळच्या दवाखान्यात बेडका देऊन ये. सासरच्या भागात नको असेल तर माहेरच्या भागात दे. हवं तर मी सोबत येते. घरी सांगायचं की नाही हे ती ठरवेल. तपासणीत निघालंच तर घरातल्यांची तपासणी हे दवाखान्याचं काम आहे, त्यांची ती पद्धत आहे. मी तिच्या नवऱ्याला फोन करणार नाही. पण खरं सांगते, ती जायला तयारच झाली नाही आणि घरात तान्हं मूल असेल तर काय, यावर आमच्या कमिटीत दोन तट आहेत. काही म्हणतात धोका दिसत असेल तर गुप्तता मोडावी आणि ते आधीच सांगून ठेवावं, काही म्हणतात एकदा मोडली की त्या वस्तीत कुणीच बाई पुन्हा बोलणार नाही, दवाखान्यातही जाणार नाही. मी दुसऱ्या बाजूची आहे पण पहिल्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. वृषाली, तू हे कमिटीला लेखी विचार.

पावसाळी
कुठे बसून बोलणार हे कुणीच नाही लिहिलं. चाळीतल्या खोलीत गुप्त काय राहणार? भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं.

शैला_परळ
बरोबर. घरात नाहीच. टीबीच्या दवाखान्यातही नाही, तिथे दिसली की झालं. दुपारी बालवाडी सुटल्यावरची खोली, बचत गटाच्या मीटिंगची जागा, किंवा तिच्या माहेरच्या बाजूला. तिलाच विचारायचं, तिला सुरक्षित जागा आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. आणि मध्ये कुणी आलं तर काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये घरगुती हिंसेच्या संशोधनासाठी सूचना काढल्या होत्या, त्यातली ही युक्ती टीबीलाही चालते: मुलांच्या आहाराचे पाचसहा प्रश्न वेगळ्या कागदावर, दार वाजलं की तो कागद वर. तिला सुरुवातीलाच सांगायचं की मी एकदम खिचडीबद्दल विचारायला लागले तर समजून घ्या.

मुलाखत संपताना दुसऱ्यांदा संमती घ्यायची. सुरुवातीला ती काय बोलणार आहे हे तिलाच माहीत नसतं. शेवटी विचारायचं, यातलं काय मी लिहू नये? आणि पावसाळीचा प्रश्न: हे तुमच्या सासूने वाचलं तर? ती जे काढायला सांगेल ते तिच्यासमोर वहीत खोडायचं. आणि नंतरही मन बदललं तर किती तारखेपर्यंत कळवता येईल ते नेमकं सांगायचं. प्रबंध जमा झाल्यावर काढता येत नाही, मग कधीही माघार घ्या असं खोटं सांगू नये. बोलून फार ढवळून निघाली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर पाठ होण्यासारखा आहे, कागद द्यावा लागत नाही.

वृषाली_गोरेगाव
ज्या ताईंना खरं नाव हवंय त्यांचं काय?

कांजूर_कविता
त्यांचं नाव त्यांचं आहे. सगळ्यांनीच लपून राहायचं ठरवलं तर हा डाग जाणार कसा? मी तर छापेन.

शैला_परळ
कविताताई, तत्त्व म्हणून मला मान्य आहे आणि नाव न देणं हाही कधीकधी अपमान असतो. मुंबईत टीबीतून बऱ्या झालेल्या बायका स्वतःच्या नावाने जाहीर बोलतात, त्यामुळे फार फरक पडलाय. पण त्यांनी घरी आधी सांगितलेलं असतं. इथे त्या ताईंनी सासरी सांगितलेलं नाही. नाव छापलं की नवऱ्याला प्रबंधातून कळणार. शिवाय त्यांची मुलगी, त्यांची माहेरची माणसं, ज्यांनी लपवायला मदत केली, त्यांचीही नावं आपोआप उघडी पडतात. मी त्यांना म्हणेन, ताई, आधी घरी सांगायचं ठरवा, मग सहा महिन्यांनी नाव छापू. तोवर टोपणनाव. मी फार जपून वागतेय असं कुणाला वाटेल, वाटू दे.

कांजूर_कविता
मला अजून पटलेलं नाही. सज्ञान बाई आहे, ती ठरवेल.

वृषाली_गोरेगाव
दोन्ही बाजू गाइडसमोर ठेवते. आज दुरुस्ती अर्जाचा मसुदा लिहायला घेतलाय. एक शेवटचं, प्रवासखर्चाचे 200 रुपये द्यायचेत, कॉलेजचा अकाउंट्स विभाग व्हाउचरवर नाव आणि सही मागतोय, किंवा जीपे करा म्हणतोय.

शैला_परळ
जीपे नको, तिच्या बँकेच्या पासबुकात तुझं नाव दिसेल आणि विचारणारे विचारतील. व्हाउचरवर नाव आलं की इतकी काळजी घेऊन टाळलेला कागद अकाउंट्सच्या फाइलमध्ये जाऊन बसला. रोख द्यायचे, व्हाउचरवर कोड, तुझी आणि गाइडची सही. अकाउंट्सवाले आधी नाही म्हणतात, म्हणून हे दुरुस्ती अर्जातच घाल, कमिटीचं पत्र दाखवलं की बहुतेक ठिकाणी ऐकतात. आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात कविताताईंसारख्या सेविकांची, वस्तीची, बालवाडीची नावं लिहू नकोस. भांडुप सगळीकडून काढायचं आणि पहिल्या पानावर अमुक वस्तीतल्या अमुक ताईंचे आभार मानायचे, असे प्रबंध आमच्यासमोर येतात. त्यांना प्रत्यक्ष भेटून आभार मान.

गिरगावचा_मन्या
आणि मसुदा झाला की वस्तीचं नाव काढून इथे टाक, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये काय राहिलंय ते मी बघून देतो. वर्डमध्ये जुन्या कमेंट्स राहतात.